काठी न उगारता, न ओरडता जनावरं हाकायची कशी : फ्लाइट झोन आणि कळपाचा स्वभाव वापरून

जनावर जागचं हलत नाही म्हणून आपण मागून काठी घालतो, ओरडतो, शेपूट पिरगाळतो, आणि मग ते एकदम उधळतं किंवा उलट फिरून आपल्याच अंगावर येतं. बहुतेक वेळा ते जनावर हट्टी नसतं, आपण चुकीच्या जागी उभे असतो एवढंच. आपण कुठं उभे आहोत, कुठल्या बाजूनं चालतोय आणि कधी थांबतोय या तीन गोष्टी जमल्या तर एकटा माणूस रिकाम्या हातानं दहा बारा जनावरं फाटकातून आत घालू शकतो, आणि लाथ शिंग न खाता घालू शकतो. हा लेख त्याच एका कामावर आहे, मोकळ्या रानात चरणारा छोटा कळप फाटकातून वाड्यात कसा आणायचा. खोड्यात घालणं, गाडीत चढवणं वगैरे गोष्टी याच पायावर उभ्या आहेत, त्यांचं ओघात येईल तेवढं बोलू.

आधी जनावराला काय दिसतं ते समजून घ्या

गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात त्यामुळं मान न वळवता तिला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं, ३०० अंशांच्या वर. दिसत नाही ते फक्त शेपटीच्या बरोबर मागचं, आणि नाकाच्या अगदी पुढ्यातली थोडी जागा. म्हणजे आपण जिथून हाकायला जातो ना, बरोबर मागून, तिथंच आपण तिला दिसत नाही. दिसत नाही पण पावलं ऐकू येतात, कोणीतरी मागं आहे हे कळतं, मग ती काय करते तर बघायला मागं वळते किंवा घाबरून लाथ झाडते. मागून गेल्यावर गाय वळते ही तक्रार कित्येक जण करतात, त्याचं कारण इतकं साधं आहे.

दुसरं म्हणजे बाजूला तिला दिसतं भरपूर पण खोलीचा अंदाज तिथं चांगला येत नाही. समोर दोन्ही डोळ्यांनी मान खाली घालून बघितल्यावरच तिला कळतं की जमिनीवरची काळी पट्टी ही सावली आहे की खड्डा आहे. म्हणून ती थांबते आणि हुंगते. आणि कान तिचे आपल्यापेक्षा तिखट, विशेषतः बारीक किनऱ्या आवाजाला, त्यामुळं शिट्ट्या, पत्र्याचा खडखडाट, लोखंडी फाटकाचा दणका हे सगळं तिला आपल्याहून कितीतरी जास्त बोचतं. साधं हळू आवाजात बोलत राहिलात तर काही बिघडत नाही, उलट आपण कुठं आहोत हे तिला कळत राहतं.

फ्लाइट झोन म्हणजे काय आणि तो मोजायचा कसा

प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं रिंगण असतं. त्या रिंगणाच्या बाहेर तुम्ही असाल तर ते तुमच्याकडं तोंड करून बघतं, आत पाऊल टाकलं की वळून लांब जायला लागतं. हाच फ्लाइट झोन. हे अंतर प्राण्याप्राण्यागणिक ठरलेलं असतं ही गोष्ट हेदिगर नावाच्या स्विस प्राणीशास्त्रज्ञानं प्राणिसंग्रहालयातल्या आणि रानातल्या प्राण्यांवरून मांडली, आणि गुरं हाकायला ती कशी वापरायची हे पुढं टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ बाईंनी इतकं सोपं करून दाखवलं की आज जगभर गुरांचे वाडे आणि खोडे बांधताना त्यांचं बघितलं जातं.

रिंगण सगळ्यांचं सारखं नसतं. रोज धार काढायच्या गायीचं शून्य सुद्धा असू शकतं, हात लावला तरी ती हलत नाही. माणसाची थोडीफार सवय असलेल्या कालवडीचं तीन चार मीटर, रानात मोकळ्या वाढलेल्या आणि माणूस क्वचित बघणाऱ्या जनावराचं तीस मीटर किंवा त्याहून जास्त. त्याच जनावराचं सुद्धा रोज तेवढंच राहत नाही, घाबरलेलं असलं की वाढतं, अरुंद जागेत असलं की कमी होतं, तुम्ही समोरून आलात तर मोठं असतं, बाजूनं हळू आलात तर लहान.

मोजायची पद्धत सोपी आहे. सरळ अंगावर न जाता तिरकं तिरकं, निवांत चालीनं जवळ जा, हात खाली, नजर रोखून बघायचं नाही. एका जागी जनावर चरायचं थांबून मान वर करेल, कान तुमच्याकडं वळवेल. तिथं थांबा. ही पहिली खूण, तुमची नोंद घेतली गेली. आणखी एक दोन पावलं टाकलीत की ते वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेईल किंवा एक पाऊल लांब टाकेल. बस, तीच रिंगणाची कड. आपलं सगळं काम या कडेवर होतं, आत एक पाऊल टाकायचं, ते हललं की एक पाऊल बाहेर यायचं. खोल आत घुसायचं नाही. खोल घुसलात तर ते पळतं, आणि पळायला जागा नसेल तर तुमच्यावरून जातं.

दाब द्यायचा तेवढाच दाब काढायचा

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम हे आहे. तुम्ही रिंगणात पाऊल टाकलंत म्हणजे दाब दिलात. जनावरानं हवं त्या दिशेला एक पाऊल टाकलं, की त्याच क्षणी तुम्ही थांबायचं किंवा अर्धं पाऊल मागं यायचं. त्यातून त्याला कळतं की इकडं चाललं की त्रास थांबतो. हे न करता आपण काय करतो, ते चालायला लागलं की अजून जोरात मागं लागतो, म्हणजे त्यानं बरोबर केलं तरी दाब चालूच, मग त्याच्यासाठी चालणं आणि न चालणं सारखंच झालं, आणि शेवटी उरतो एकच उपाय, पळणं. जी गाय दरवेळी फाटकाजवळ उधळते तिला आपणच असं शिकवलेलं असतं बऱ्याचदा.

दाब म्हणजे फक्त अंतर नाही. चालीचा वेग, नजर रोखणं, हात पसरणं, छाती तिच्याकडं करणं हा सगळा दाब. त्यामुळं हातात काठी नसली तरी दोन्ही हात बाजूला पसरलेत की तुम्ही तिला मोठे दिसता, खांदा तिरका केलात की लहान दिसता. आधी हे कमी दाबाचं वापरायचं, मग पाऊल.

खांद्याची रेघ

जनावराच्या खांद्यापाशी एक आडवी रेघ आहे असं धरा. बॅलन्स पॉइंट म्हणतात तो हाच. रिंगणाच्या आत तुम्ही या रेघेच्या मागं असाल तर जनावर पुढं जातं, रेघेच्या पुढं आलात तर थांबतं किंवा मागं सरकतं. एवढंच. पण यातून किती गोष्टी सुटतात बघा.

समजा जनावर म्हणजे घड्याळाची तबकडी आहे आणि तोंड बाराच्या जागी. सहाची जागा म्हणजे शेपटीमागं, तिथं तुम्ही दिसत नाही, उभं राहायचं नाही. बारावर उभे राहिलात तर वाट अडवली. काम करायची जागा चार ते पाचच्या मधे, किंवा पलीकडून सात ते आठच्या मधे, म्हणजे पुठ्ठ्याच्या तिरकं मागं, जिथून तिचा डोळा तुम्हाला दिसतो. हा नियम पाठ करून ठेवा, तिचा डोळा तुम्हाला दिसत असेल तर तुम्ही तिला दिसताय. डोळा दिसेना झाला की एक पाऊल बाजूला व्हा.

आता गंमत अशी की रांगेत उभ्या जनावरांना पुढं सरकवायचं असेल तर त्यांच्या बाजूनं तोंडाकडून शेपटीकडं, म्हणजे त्यांच्या उलट्या दिशेनं, रिंगणाच्या आतून चालत जायचं. तुम्ही एकेकीची खांद्याची रेघ ओलांडता आणि एकेक पुढं निघते. मग परत पुढं यायचं असेल तर रिंगणाबाहेरून वळसा घालून यायचं, नाहीतर पुढं येताना तुम्ही त्याच रेघा उलट ओलांडाल आणि त्या थांबतील. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं कारण आपल्याला वाटतं की गायीबरोबर पुढं चाललं म्हणजे ती पुढं जाईल. रिंगणाच्या आत राहून गायीबरोबर चाललात तर तिचा वेग कमी होतो, हे पळणारं जनावर शांत करायला मात्र उपयोगी पडतं.

कळप स्वतःच कळपाला ओढतो

गुरं शिकारी प्राण्यांपासून जगली ती एकत्र राहून. त्यामुळं घाबरलं की ती एकमेकांकडं सरकतात, एक चाललं की मागची चालतात, आणि एकटं पडलेलं जनावर सगळ्यात जास्त घाबरतं. मला विचाराल तर गुरांमुळं माणसांना होणाऱ्या दुखापतींत एकट्या पडलेल्या जनावराचा वाटा फार मोठा, कारण एकटं जनावर काहीही करून कळपाकडं जायला बघतं, कुंपणावरून उडी मारतं, मधे माणूस असेल तर माणसावरून जातं. म्हणून एक जनावर हवं असलं तरी दोन तीन एकत्र आणा, काम झालं की बाकीची सोडून द्या. आणि एकटं राहिलेलं जनावर आणि कळप यांच्या मधे कधीच उभं राहू नका.

कळपात कोण पुढं चालतं हे आधी बघून ठेवायचं. बहुतेक वेळा दांडगाई करणारी गाय पुढं नसते, ती मधे असते, पुढं असते ती धीट आणि जरा चौकस गाय. आणि मागं कोण राहतं, लंगडी, गाभण, म्हातारी, ते बघा, कारण अख्ख्या कळपाचा वेग तिचा वेग धरून ठेवायचा. मागचीला पळावं लागलं की ती पुढचीवर चढते आणि मग घसरणं, शिंगं लागणं सुरू होतं.

आता प्रत्यक्ष काम : बारा जनावरं, एक माणूस

धरून चला की साधारण १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असं कुंपण घातलेलं रान आहे. पूर्वेच्या टोकाला, उत्तरेच्या कोपऱ्यात चार मीटरचं फाटक, त्यापलीकडं वाडा. सात गाई, चार कालवडी, एक तीन महिन्यांचं वासरू. कळप पश्चिमेच्या बाजूला चरतोय. कालवडींचं रिंगण साधारण आठ मीटर, गाईंचं दोन तीन मीटर, एक म्हातारी गाय हात लावू देते. सगळ्यांना लस टोचायची म्हणून वाड्यात आणायचंय.

गुरांकडं जायच्या आधी फाटकापासून वाड्यापर्यंत स्वतः चालत जा, आणि मान गायीच्या डोळ्यांच्या उंचीला आणून बघा. लोंबणारी साखळी, कुंपणावर वाळत टाकलेलं फडकं, आडवा पडलेला पाण्याचा पाईप, कडक ऊन सावलीची पट्टी, चमकणारं डबकं, वाऱ्यानं हलणारी प्लास्टिकची पिशवी, उंबऱ्याशी बदललेली जमीन, समोर उभा माणूस किंवा बांधलेला कुत्रा. यातलं काढता येईल ते काढून टाका. वाडा आतून अंधारा असेल तर दिवा लावा, अंधारातून उजेडाकडं गुरं सहज जातात, उजेडातून काळोखात जायला बिचकतात, पण उजेड थेट डोळ्यावर येता कामा नये. जमीन निसरडी असेल तर भुसा किंवा माती टाका, एकदा घसरलेलं जनावर तिथून पुन्हा जायला तयार होत नाही. फाटक पूर्ण उघडून पक्कं अडकवा, अर्धवट उघडं फाटक वाऱ्यानं हललं की संपलं सगळं. आणि तुमची स्वतःची सुटकेची वाट ठरवा, कुठल्या कुंपणावर चढता येईल, कुठल्या फटीतून बाहेर पडता येईल.

मग दक्षिणेच्या कुंपणाच्या कडेकडेनं, कळपाकडं न बघता, नेहमीच्या चालीनं पश्चिमेला जा. सरळ कळपाकडं चालत गेलात तर तुम्ही शिकाऱ्यासारखे वाटता, समोरून गेलात तर ती पश्चिमेच्या कुंपणाला जाऊन चिकटतील आणि तुम्हाला तिथून बाहेर काढत बसावं लागेल. कडेनं गेलात तर बऱ्याचशा मान वर करतील आणि परत चरायला लागतील, तेच हवंय.

पश्चिमेला पोचलात की कळपाच्या मागं, जवळच्या कालवडीपासून दहाएक मीटरवर, दक्षिण उत्तर असं आडवं चालायला सुरुवात करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, मग वळून परत, दर फेरीला एखादं पाऊल पुढं. बड विल्यम्स या अमेरिकन पशुपालकानं ही नागमोडी चाल लोकांना शिकवण्यात आयुष्य घालवलं. ती का चालते तर दर फेरीत प्रत्येक जनावर तुम्हाला एकदा एका डोळ्यानं आणि एकदा दुसऱ्या डोळ्यानं बघतं, तुम्ही मागच्या आंधळ्या जागेत टिकून राहत नाही, आणि तुम्ही त्यांच्यावर चालून येत नाही तर बाजूनं जाताय असं दिसतं. टोकाला जायचं म्हणजे किती, तर त्या बाजूचं शेवटचं जनावर फाटकाच्या दिशेला वळेपर्यंत, त्याच्या पुढं नाही. इथं बहुतेक जण एक चूक करतात, कळपाला कवेत घेतल्यासारखं गोल फिरतात. गोल फिरलात की टोकाशी तुम्ही कडेच्या जनावराच्या खांद्यापुढं जाता, ते थांबतं आणि मागं फिरतं, आणि मग एकेक करून सगळ्याच तुमच्याकडं तोंड करून उभ्या. सरळ रेषेत चाला.

पहिली पाच सात मिनिटं फाटकाकडं न्यायचं डोक्यात आणू नका. या वेळात फक्त पसरलेली गुरं जरा जवळ यावीत आणि एका दिशेला तोंड करावीत. घाई केलीत तर म्हातारी गाय मागं राहील आणि कालवडी कुंपणापर्यंत पळत जातील. कळप सैलसर गोळा झाला आणि बहुतेकांची तोंडं पूर्वेला झाली की फेऱ्या जरा छोट्या करा आणि एक दोन पावलं रिंगणात टाका. पुढची चालायला लागली की लगेच दाब काढा, म्हणजे तुमच्या फेऱ्या चालू ठेवा पण पुढं सरकू नका, त्यांना तुमच्यापासून थोडं लांब जाऊ द्या. वेग मंदावला की पुन्हा एक पाऊल.

वळवायचं कसं? तुम्ही ज्या बाजूला जाल त्याच्या उलट बाजूला कळप सरकतो. फाटक उत्तरेच्या कोपऱ्यात आहे, कळप दक्षिणेकडं भरकटायला लागला तर तुमच्या फेरीचं दक्षिण टोक जरा लांबवा, तिथं क्षणभर जास्त थांबा, कळप उत्तरेला येईल. उत्तरेचं कुंपण इथं तुमचा दुसरा माणूस आहे, कळप त्याच्या कडेनं आपोआप फाटकापर्यंत जातो. म्हणूनच नवीन कुंपण घालत असाल तर फाटक कोपऱ्यात ठेवा, मधोमध ठेवलं की कळप ते ओलांडून पुढं जातो आणि मग एका माणसाचं काम राहत नाही.

वासराकडं लक्ष असू द्या. वासराला हाकायचं नाही, त्याच्या आईला चालतं ठेवायचं. वासरू मागं राहिलं आणि आई थांबून हंबरायला लागली तर तुम्ही त्या दोघांच्या मधे येऊ नका, बाजूला सरकून वासराला आईपर्यंत जाऊ द्या, मग पुढं.

फाटकापासून वीसेक मीटरवर कळप आला की फेऱ्या थांबवा. ही सगळ्यात नाजूक जागा. पुढची गाय फाटकाशी येऊन मान खाली घालून उंबऱ्याकडं बघेल, हुंगेल. इथं मागून रेटा दिलात तर तिच्यापुढं दोनच पर्याय, नको वाटणाऱ्या जागेत जाणं किंवा उलट फिरणं, आणि ती उलट फिरणारच, आणि तिच्यामागं बाकीची अकरा. काही करू नका. उभे राहा. अर्धा मिनिट, एक मिनिट, लागला तर दोन. कानांकडं बघा, एक कान पुढं एक मागं असेल तर ती विचार करतेय. तिनं एक पाऊल आत टाकलं की मागच्या सगळ्यांना तेच पुरेसं असतं, कळपाचा स्वभाव उरलेलं काम करतो. ती ज्या गोष्टीकडं टक लावून बघतेय तिकडं तुम्हीही बघा, कारण तुमच्या फेरफटक्यात काहीतरी राहून गेलंय ते ती दाखवतेय. तिथं जाऊन काढता येण्यासारखं नसेल तर तिला हुंगू द्या.

समजा नऊ दहा आत गेली आणि दोन कालवडी फाटकाच्या बाजूला कुंपणाला नाक लावून उभ्या राहिल्या, आतला कळप दिसतोय पण वाट सापडत नाही. पळून त्यांच्यामागं जायचा मोह होतो. त्याऐवजी दक्षिणेकडं, बऱ्यापैकी लांब राहून हळू चाला, म्हणजे त्यांची तोंडं फाटकाकडं वळतील, आणि मग थांबा. आत बाकीची शांत उभी असतील तर त्या स्वतः धावत येतात. एखादी फुटून रानात मागं पळाली तरी तिच्यामागं पळू नका. तिला थोडा वेळ द्या, कळपाकडं ती परत येतेच, आणि नाहीच आली तर आतल्या दोन तीन शांत गाई बाहेर काढून त्यांच्याबरोबर तिला आणा. पळापळ झालीच तर काम तिथंच थांबवा, कारण एकदा भेदरलेल्या गुरांना पुन्हा निवांत व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्या आधी काहीही केलंत तरी वाईटच होत जातं.

सगळी आत गेली की फाटक लावताना फाटकाच्या मागं, म्हणजे फाटक आणि कुंपणाच्या खाचेत उभे राहू नका. आतल्या जनावरानं धडक दिली तर फाटक तुमच्यावर येतं. कडी लावायच्या टोकाला, बाजूला उभं राहून लावा. वाडा ठासून भरू नका, वळायला जागा राहिली पाहिजे. आणि त्या पुढं खोड्याच्या बोळात घालायचं असेल तर बोळाच्या आधीची जागा अर्धीच भरा, आणि बोळ रिकामा झाल्यावरच पुढची चार पाच आणा, म्हणजे आत गेलेल्यांच्या मागं ती थेट चालत जातात. बोळ भरलेला असताना आणून ठेवलीत तर उभी राहतात आणि वळायचा प्रयत्न करतात.

बिघडतंय हे आधी कसं कळतं

शांत कळप चालतो, पळत नाही. मान पाठीच्या रेषेत, शेपूट सैल, कान वेगवेगळ्या दिशांना हलतायत. डोकी एकदम पाठीच्या वर गेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, माश्या नसताना शेपट्या फटकारायला लागल्या, पातळ शेण पडायला लागलं, हंबरडे सुरू झाले, की तुम्ही रिंगणात फार खोल आहात. मागं या. बोळात एखादं मागच्या पायांवर उभं राहून चढायला बघत असेल तर बहुतेक वेळा कारण एकच, कोणीतरी त्याच्या रिंगणात टेकून उभं आहे. त्याला दाबून खाली बसवायचा प्रयत्न करण्यापेक्षा दोन पावलं मागं सरका, ते खाली उतरतं.

जनावर तुमच्याकडं तोंड करून थांबलं तर दोन शक्यता असतात आणि त्यातला फरक ओळखता आला पाहिजे. कान पुढं, मान पुढं काढून बघत असेल तर ते चौकस आहे, तुम्ही बाजूला सरकलात की वळेल. पण मान खाली, हनुवटी आत घेतलेली, खुरानं माती उकरणं, किंवा अंग आडवं करून पाठ ताठ करून स्वतःला मोठं दाखवणं, हे धमकावणं आहे. वळू असेल तर विशेष. पाठ फिरवू नका, पळू नका, त्याच्यावर नजर ठेवत तिरकं मागं मागं ठरवलेल्या वाटेकडं जा.

ही पद्धत कुठं चालत नाही

अगदी माणसाळलेल्या जनावराला रिंगणच नसतं, त्यामुळं दाब देऊन ते हलत नाही, तुम्ही ढकलत बसता. त्याला पुढून न्या, पेंडीची पाटी दाखवून, नेहमीची हाक मारून, दाव्यानं. कळपात अशी एखादी असेल तर तिला पाटीमागं पुढं घ्या आणि बाकीच्यांना तिच्यामागं येऊ द्या, हे तर हाकण्यापेक्षा सोपं. दावं हाताला गुंडाळायचं नाही मात्र, कधीच नाही.

हातानं दूध पाजून एकटा वाढवलेला खोंड मोठेपणी सगळ्यात धोक्याचा, कारण त्याला माणसाचं अंतर उरलेलं नसतं आणि माणूस म्हणजे आपल्याच कळपातला असं धरून तो ताकद आजमावतो. वळूला, माजावर आलेल्या गायीच्या आसपासच्या नराला, आणि नुकतीच व्यालेल्या गायीला एकट्यानं पायी हाकायला जाऊ नका. व्यालेल्या गायीत पळण्याची इच्छा मागं पडते आणि वासरू राखायची पुढं येते, रिंगणाचे सगळे नियम तिथं उलटे होतात. एका डोळ्यानं आंधळ्या जनावराला दिसणाऱ्या बाजूनंच जा.

लाथेबद्दल एक. गाय नुसती मागं लाथ मारत नाही, ती पाय आधी पुढं घेऊन बाजूनं गोल फिरवत मागं नेते. म्हणून मागच्या पायापासून एक हातभर अंतर ही सगळ्यात वाईट जागा, लाथेला पूर्ण जोर तिथंच येतो. एकतर दोन मीटरच्या बाहेर राहा, नाहीतर काम असेल तेव्हा आधी आवाज देऊन, पाठीवर हात ठेवून अगदी अंगाला चिकटून उभे राहा.

आणि काम नसलेल्या दिवशी सुद्धा कळपातून फिरत जा, आठवड्यातून एक दोनदा त्याच फाटकातून वाड्यात आणा, आत थोडा चारा टाका, काहीही न टोचता सोडून द्या. कालवडीला वाड्याचा पहिला अनुभव सुईचा आला तर पुढची कित्येक वर्षं तिचं रिंगण फाटकाजवळ दुप्पट होतं. सोडताना पण दार सताड उघडून पळू देऊ नका. फाटकाच्या कडेला उभे राहा, एकेक दोन दोन चालत बाहेर जाईल असं, पळायला लागलं की अर्धं पाऊल वाटेत, मंदावलं की अर्धं पाऊल बाजूला.